लोकेशननुसार सीन लावूनही शूटिंगचं वेळापत्रक दुसऱ्याच दिवशी का कोसळतं? झाडीपट्टीतल्या पाच दिवसांच्या शूटसाठी उपाय

तक्रार अशी असते

स्क्रिप्ट फोडली, एका जागेचे सगळे सीन एकत्र केले आणि घर दोन दिवस, शेत एक दिवस, चौक एक दिवस असा कागद तयार झाला. कागदावर सगळं नीट बसलं होतं. पहिला दिवस कसाबसा पार पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की घरातल्या एका सीनचा पोरगा शाळेत आहे. तिसऱ्या दिवशी मुख्य बाई चार वाजता निघून गेल्या आणि चौथ्या दिवशी आल्याच नाहीत. मग रात्री बसून सगळं पुन्हा लावायचं, आणि पुढच्या शूटला हेच पुन्हा.

वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी या पूर्व विदर्भातल्या पट्ट्यात दिवाळीनंतर शूट करणाऱ्या छोट्या युनिटला हा त्रास हमखास होतो, कारण हाच झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम असतो आणि हेच धान कापणीचे दिवस. कलाकार आणि शेत दोन्ही एकाच वेळी हातातून निसटतात. खालची पद्धत अशा शूटसाठी आहे. युनिट दहा-पंधरा माणसांचं, दिवस चार ते सहा, कलाकार वेगवेगळ्या कामधंद्यांतले.

आधी दोष ओळखा

वेळापत्रकाचा कागद समोर घ्या आणि प्रत्येक सीनला एकच प्रश्न विचारा: या सीनमधली सगळी माणसं, ही जागा आणि हा उजेड, तिन्ही गोष्टी त्या दिवशी त्या तासाला एकत्र आहेत का? बहुतेक कागदांवर फक्त जागेचं उत्तर मिळतं. कलाकाराच्या नावापुढे तारखा असतात, तास नसतात. शेतापुढे मालकाचं नाव असतं, पण कापणी कधी आहे ते नसतं.

म्हणजे लोकेशननुसार गट पाडणं चुकलेलं नाही. चुकतो तो क्रम. जागा ही सगळ्यात हलवता येणारी गोष्ट आहे. गावात घर ते धानाची बांधी दहा मिनिटांचं अंतर, युनिट दोन गाड्यांत मावतं. मुंबईसारख्या शहरात जागा बदलण्यात अर्धा दिवस जातो, म्हणून तिथे आधी जागा धरतात. खेड्यात सामान काढून, वाहून, पुन्हा लावायला सरासरी एक तास पुरतो. इथे आधी धरायच्या त्या न हलणाऱ्या गोष्टी.

"तारीख" म्हणजे नक्की किती तास?

झाडीपट्टीतल्या कलाकाराला "एकोणीसला मोकळ्या आहात का?" असं विचारलं की "हो, या" असं उत्तर येतं, आणि ते खरंही असतं. पण नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. प्रयोगानंतर गाडी त्यांना सकाळी घरी सोडते, मग झोप. दुपारी एकच्या आत त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहू शकत नाहीत. त्या रात्री पुन्हा प्रयोग असेल तर चारला निघावंच लागतं, कारण प्रयोगाचं गाव साठ-सत्तर किलोमीटरवर असू शकतं आणि पोचून रंगभूषा करायची असते. म्हणजे त्या "पूर्ण दिवसा"तले खरे तास तीन.

आता यातली कामाची गोष्ट बघा. एखाद्या रात्री प्रयोग नसेल तर त्या दिवशीची दुपार-संध्याकाळ तर मिळतेच, शिवाय दुसऱ्या दिवशीची सकाळही मिळते, कारण जागरण झालेलं नसतं. एका रिकाम्या रात्रीमुळे तीन तासांचे दोन तुकडे दोन चांगल्या लांब पाळ्या होतात. म्हणून कलाकाराला तारीख मागू नका, रिकामी रात्र मागा. कंपनीच्या मालकाशी बोला, कारण प्रयोगांची वही त्यांच्याकडे असते. कोणत्या रात्री कोणत्या गावात प्रयोग आहे हे गावासकट लिहून घ्या. मंडईच्या गावजत्रेतले आणि शंकरपटाच्या बैलशर्यतीतले प्रयोग ऐनवेळी वाढतात, त्यामुळे तोंडी होकारावर थांबू नका. ती एक रात्र रिकामी ठेवण्याचे पैसे द्या. कलाकाराचं हंगामातलं उत्पन्न रात्रीवर चालतं, तेव्हा रात्र अडवली तर तिचा मोबदला देणं रास्तच आहे. पैसे दिलेली रात्र सहसा फिरत नाही.

शाळकरी मुलाचेही तास मोजा. १४ वर्षांखालच्या मुलाला चित्रीकरणात दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. हे २०१७ च्या केंद्रीय नियमांत आहे. परवानगीचा अर्ज शूटच्या आठवड्यात करून चालत नाही, त्याला आधी वेळ ठेवा.

शेतालाही तारीख असते

स्क्रिप्टमध्ये "शेत" असं एकच नाव असतं, पण उभ्या धानाची बांधी आणि कापलेली बांधी ही वेळापत्रकासाठी दोन वेगळी लोकेशनं आहेत. दोन्हींच्या मधे कापणीचा दिवस येतो आणि तो उलटा फिरवता येत नाही. हलकं धान आधी कापलं जातं, भारी धान नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत, कधी डिसेंबरातही उभं असतं. म्हणून उभ्या धानाचे सीन असतील तर भारी धानाची बांधी बघा.

मालकाला "कापणी थांबवा" म्हणू नका. मजूर ठरलेले असतात, पाऊस आला तर नुकसान त्याचं होतं. कापणीचा दिवस विचारा आणि तो आपल्या कागदावर पक्की रेघ म्हणून मारा. हाताने कापणी झाली की बांधीत कडपा पसरलेल्या दिसतात, त्या वाळून भारे बांधून पुंजणं रचायला पुढे काही दिवस जातात. सीन पुंजण्याजवळ असेल तर ज्याचं हलकं धान आधीच निघालंय अशा शेजाऱ्याचं पुंजणं वापरा. हार्वेस्टरने कापणार असतील तर कडपाही दिसणार नाहीत आणि पुंजणंही नाही, तेव्हा हेही आधी विचारून घ्या.

कागद कसा तयार करायचा

प्रत्येक सीनची लांबी पानाच्या आठव्या हिश्श्यात मोजा. पान आडव्या आठ भागांत कल्पून बघायचं. दीड पानाचा सीन म्हणजे बारा हिस्से. ही जगभर चालणारी पद्धत आहे आणि ढोबळमानाने एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट. हिस्से मोजण्याचा फायदा हा की दिवसाची बेरीज करता येते आणि कोणता दिवस फुगलाय ते डोळ्यांना दिसतं.

इंटरनेट नीट नसेल तर चार्ट पेपरच्या पट्ट्या कापा, एका सीनला एक पट्टी. रुळलेले रंग असे: आतला दिवस पांढरा, बाहेरचा दिवस पिवळा, आतली रात्र निळी, बाहेरची रात्र हिरवी. पट्टीवर सीन नंबर, जागा, हिस्से आणि कलाकारांची नावं. मोबाइलवर शीट वापरत असाल तर D स्तंभात हिस्से इंग्रजी आकड्यांत आणि I स्तंभात दिवस मंगळ, बुध असा लिहा. मग बुधवारी किती पानं आहेत हे असं कळेल:

```
=SUMIF(I:I,"बुध",D:D)/8
```

एक पूर्ण उदाहरण

साडेसतरा पानांची गोष्ट, चौदा सीन, मंगळवार ते शनिवार पाच दिवस, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. पात्रं चार: आजी, सून शांता, नातू गणू आणि सेवा सोसायटीचा सचिव.

| सीन | जागा | वेळ | पात्रं | हिस्से |
|---|---|---|---|---|
| १ | अंगण | दिवस | आजी, शांता | १२ |
| २ | घरात | दिवस | आजी, शांता, गणू | १६ |
| ३ | घरात | रात्र | आजी, शांता | १८ |
| ४ | ओसरी | रात्र | आजी | ४ |
| ५ | उभं धान | सकाळ | आजी, गणू | १२ |
| ६ | उभं धान | दिवस | शांता | ६ |
| ७ | कापलेली बांधी | दिवस | शांता | १० |
| ८ | पुंजण्याजवळ | संध्याकाळ | शांता, गणू | ८ |
| ९ | चौक | दिवस | शांता, गणू | ८ |
| १० | चौक | दिवस | आजी, शांता | ८ |
| ११ | सोसायटीत | दिवस | शांता, सचिव | १४ |
| १२ | सोसायटीचा ओटा | दिवस | आजी, शांता, सचिव | १२ |
| १३ | घरात | रात्र | शांता, गणू (झोपलेला) | ८ |
| १४ | अंगण | पहाट | शांता | ४ |

आजीची भूमिका झाडीपट्टीतल्या बाई करताहेत. सोमवारी आणि मंगळवारी रात्री त्यांचा प्रयोग आहे, बुधवारची रात्र रिकामी, गुरुवारी रात्री लांबच्या गावी प्रयोग आणि शुक्रवार-शनिवार त्या तिकडेच. म्हणजे कॅमेऱ्यासमोरचे तास असे: मंगळवारी १ ते ४, बुधवारी दुपारी १ पासून रात्रीपर्यंत, गुरुवारी सकाळपासून ४ पर्यंत. शांता नागपूरहून आलेली आहे आणि पाचही दिवस आहे. गणूला गुरुवारी सुटी आहे आणि शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे दुपारपासून मोकळा. सचिव बँकेत नोकरीला आहे, त्याला फक्त चौथ्या शनिवारची सुटी मिळते. बांधीची कापणी शुक्रवारी सकाळी. चौकात गुरुवारी आठवडी बाजार.

नुसत्या लोकेशनने लावलं तर मंगळवार-बुधवार घर, गुरुवार शेत, शुक्रवार चौक, शनिवार सोसायटी असा कागद होतो. यात दिवसाच्या मधे कुठेही सामान हलवावं लागत नाही, म्हणूनच तो आवडतो. आता माणसं ताडून बघा. सीन २ ला आणि काळं कापड लावून दिवसा घ्यायच्या सीन १३ ला गणू मंगळवार-बुधवारी शाळेत आहे. सीन ७ गुरुवारी होऊ शकत नाही, कारण धान अजून उभं आहे. सीन ९ ला शुक्रवारी पुन्हा गणूची शाळा. सीन १० आणि १२ ला आजीच नाहीत. चौदापैकी सहा सीन मोडले, हिश्श्यांत बासष्ट. साडेसतरा पानांतली पावणेआठ पानं त्या कागदावर होणारच नव्हती, आणि हे शूटच्या आधीच दिसत होतं.

पुन्हा लावताना

पहिली पट्टी बुधवारच्या रात्रीची ठेवा, कारण आजीचा रात्रीचा मोठा सीन ३ दुसरीकडे कुठेच बसत नाही. दुसरी रेघ शुक्रवारच्या कापणीची. आजी आणि गणू दोघं एकत्र लागतात ते सीन २ आणि ५, आणि दोघं एकत्र मिळतात तो फक्त गुरुवार. सीन ५ उभ्या धानातला आहे, तेव्हा गुरुवार कापणीच्या आधीचा असल्याने तोही जमला. इथवर आलं की अर्धं वेळापत्रक आपोआप ठरलेलं असतं. आता उरलेल्या जागा त्याभोवती गोळा करा.

मंगळवारी सकाळी ८ ते १० उभ्या धानात शांताचा सीन ६. मग घरी येऊन अंगणात कॅमेरा-दिव्यांची लावणी, जेवण, आणि १ ते ४ आजींबरोबर सीन १. दीड पानाला तीन तास ही ऐसपैस पाळी आहे आणि ती मुद्दाम ठेवली आहे, कारण पहिल्या दिवशी रात्रभर जागलेली बाई साडेबाराला पोचते की दीडला हे आपल्या हातात नसतं. चारनंतर प्रकाशयोजनेच्या पोरांनी घराच्या दारं-खिडक्यांवर काळं कापड चढवून सीन ३ ची लावणी बघून ठेवायची. हे मंगळवारी झालं नाही तर बुधवारची संध्याकाळ पुरत नाही.

बुधवारी युनिटला साडेअकराला बोलवा, सकाळी नाही. १ ते २.३० चौकात सीन १०, तिथूनच चालत सोसायटीच्या ओट्यावर २.४५ ते ४.१५ सीन १२ मधला आजींचा भाग (त्याबद्दल पुढे). मग घरी, चहा-नाश्ता, आणि ५.४५ ते ८.१५ सीन ३. या दिवसांत सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे काळ्या कापडामागे उरलासुरला उजेडही सहा वाजेपर्यंत संपतो. ८.१५ ते ९ ओसरीत सीन ४. रात्री नऊला थांबायचंच. गुरुवारी सकाळी आठला बांधीत कॅमेरा लावायचा आहे आणि मधे अकरा तास सुटले पाहिजेत. ही सूट कमी झाली की गुरुवारच्या दुपारी चुका वाढतात. फोकस सुटतो, कंटिन्युइटीचे फोटो काढायचे राहतात.

गुरुवारी ८ ते १० सीन ५, दव अजून धानावर असतं आणि सकाळ खरी वाटते. तास सामान हलवायला. ११ ते १.३० घरात सीन २. लगेच त्याच खोलीत काळं कापड टाकून गणूचा गोधडीतला झोपलेला एक क्लोज, वीस मिनिटांत. त्याचे एकूण तास पाचाच्या आत राहतात आणि मधे विश्रांतीही होते. जेवणानंतर आजी चारपर्यंत मोकळ्या आहेत आणि त्यांच्यासाठी एकही सीन लावलेला नाही. ही जागा भरू नका. मंगळवारचा सीन १ अर्धा राहिला असेल तर तो इथे पूर्ण होतो. काहीच राहिलं नसेल तर आजींचे आवाज वेगळे रेकॉर्ड करून घ्या आणि त्यांना लवकर सोडा.

शुक्रवारी पहाटे सहाला अंगणात सीन १४. मग घरातच खिडक्या झाकून सीन १३ मधलं शांताचं काम. गोधडीखाली उशा ठेवल्या की पाठमोरा झोपलेला गणू होतो, चेहरा गुरुवारी घेतलेलाच आहे. दव वाळल्याशिवाय कापणी सुरू होत नाही, म्हणून सीन ७ दुपारी १ ते ३ ला ठेवा. तोवर सीनपुरत्या कडपा पडलेल्या असतात. कोणता कोपरा आधी कापायचा ते मालकाशी आदल्या दिवशी बोलून घ्या, आणि मजूर बायांना फ्रेममध्ये घ्यायचं असेल तर त्यांना विचारून आणि मजुरी मोजून घ्या.

शनिवारी ९ ते १२ सोसायटीत सीन ११. गणू शाळेतून आला, जेवला, की १२.४५ ते २.१५ चौकात सीन ९. २.३० ते ३.३० ओट्यावर सीन १२ चा उरलेला भाग. शेवटी शेजारच्या बांधीत पुंजण्याजवळ ४.१५ पासून सूर्य मावळेपर्यंत सीन ८.

बेरीज अठरा, छत्तीस, अठ्ठावीस, बावीस, छत्तीस. सगळे मिळून एकशे चाळीस हिस्से. रोज एकदा सामान हलतं, म्हणजे पाच दिवसांत साधारण पाच तास त्यात जातात. पहिल्या कागदावर हे पाच तास वाचत होते आणि पावणेआठ पानं बुडत होती. मात्र दिवसात एकदाच हलायचं ही मर्यादा पाळा. चौक आणि ओटा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि ट्रायपॉड उचलून नेता येतो म्हणून ती एकच जागा धरली आहे. शनिवारी चौक सोडल्यावर शेत, आणि शेतातून पुन्हा घर असं केलं असतं तर संध्याकाळचा उजेड गेला असता.

दोन कलाकारांचा एकही दिवस जुळत नाही तेव्हा

सीन १२ मध्ये आजी आणि सचिव समोरासमोर आहेत आणि त्यांची एकही समान वेळ नाही. पहिला उपाय साधा आहे: बँकेतल्या त्या माणसाला बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा मिळते का विचारा. एका रजेने सीन पूर्ण होत असेल तर तो मार्ग कधीही चांगला, कारण नजरेला नजर देऊन केलेला अभिनय तुकड्यांत मिळत नाही.

रजा नाहीच मिळाली तर सीन दोन दिवसांत विभागा. बुधवारी आजींचे एकट्याचे शॉट आणि सचिवाच्या खांद्यावरून आजी, खांदा सचिवाचाच शर्ट घातलेल्या दुसऱ्या माणसाचा. शनिवारी सचिवाचे एकट्याचे शॉट, आणि आजींचा खांदा त्यांचं लुगडं नेसलेल्या दुसऱ्या बाईचा. शांता दोन्ही दिवस आहे, म्हणून तिघांचा मोठा शॉट बुधवारीच घ्यायचा, त्यात सचिव पाठमोरा.

हे बिघडतं ते बहुधा उजेडामुळे. ओट्यावर दुपारी तीनला सावली एका बाजूला पडते आणि सकाळी दहाला दुसऱ्या बाजूला. शनिवारचा भाग सकाळी सीन ११ ला जोडून करावा असा मोह होतो, तो आवरा. बुधवारी पावणेतीन ते सव्वाचार होता, तेव्हा शनिवारीही अडीच-पावणेतीनलाच सुरू करा. दुसरी चूक नजरेची. आजी बुधवारी कुठे बघत होत्या, त्या जागेची उंची आणि अंतर टेपने मोजून लिहा, पायांच्या जागा खडूने आखून त्यांचा फोटो काढा (खडू शनिवारपर्यंत टिकत नाही), लेन्स आणि कॅमेऱ्याची उंची लिहा. शनिवारी बुधवारचे शॉट फोनवर घेऊन जागेवर बसा आणि सचिवाच्या प्रत्येक शॉटआधी समोरचा शॉट बघा.

कागद लावून झाल्यावर शेवटची तपासणी

गावची मंडई कधी आहे ते विचारा. त्या दिवशी प्रत्येक घरी पाहुणे असतात आणि रात्रीच्या नाटकाचा भोंगा शेजारच्या गावातही ऐकू येतो, त्यामुळे ओसरीतला सीन ४ आवाजासकट मिळणार नाही. धान गिरणी चौकाजवळ असेल तर ती कधी चालते तेही लिहा. अवकाळी पाऊस आलाच तर सीन १३ मधलं शांताचं काम घरातलं आहे, ते कोणत्याही सकाळी पुढे ओढता येतं. म्हणून शुक्रवारपर्यंत ते हातचं राखून ठेवलं आहे.

आणि सोमवारी रात्री फोन आला की बुधवारचा प्रयोग लागला, तर? तेव्हा आजींचे तास तिन्ही दिवस १ ते ४, म्हणजे एकूण नऊ. आजींच्या वाट्याची साडेनऊ पानं आहेत आणि तासाला पाऊण पान या गतीने नऊ तासांत पावणेसात होतात. पावणेतीन पानं गळणार. कोणती, ते आजच ठरवून कागदाच्या मागे लिहा: सीन १० पूर्ण, ओसरीतला सीन ४ पूर्ण, सीन १२ मधून आजी काढायच्या आणि सीन ५ अर्ध्या पानाने आखूड. सीन ३ मग काळ्या कापडामागे बुधवारी दुपारी होतो आणि सीन ५ सकाळऐवजी गुरुवारी दुपारचा. दिग्दर्शकाने ही यादी शूटच्या आधी वाचून तिच्यावर सही करावी, म्हणजे सोमवारी रात्री कुठला सीन जीवाचा आहे यावर वाद होणार नाही आणि मंगळवारचा आठचा कॉल आठलाच राहील.